धुमेची कणीक आणि दोन माइक

वारकरी कीर्तनातल्या पखवाजाला, म्हणजेच मृदंगाला, दोन तोंडे असतात आणि ध्वनिमुद्रणात ती दोन वेगळ्या वाद्यांसारखी वागतात. उजव्या शाईपुडीवर शाई कायमची बसवलेली असते. या शाईच्या वजनामुळे पुडीची उपकंपने मूळ स्वराशी जुळतात आणि थापेतून स्पष्ट षड्ज ऐकू येतो. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली ही गोष्ट शास्त्रीय पद्धतीने मांडली. डाव्या, मोठ्या धूमपुडीवर मात्र वाजवण्याआधी ताजी कणीक लावावी लागते. ही कणीक वाळते, तडकते, सुटते, आणि तिच्याबरोबर वाद्याचा खर्जही बदलत जातो. त्यामुळे पखवाजाच्या मुद्रणात माइक कोणता, याआधी कणकेची काय स्थिती आहे ते पाहावे लागते.

कणकेचे काम दुहेरी आहे. पुडीच्या मध्यावरचे वजन वाढले की कंपने मंदावतात आणि स्वर खाली उतरतो. शिवाय ओली कणीक वरची तीक्ष्ण कंपने शोषून घेते, म्हणून धुमेचा आवाज गोल होतो. पोळीच्या कणकेपेक्षा थोडी सैल, पाण्यात भिजवलेली गव्हाची कणीक यासाठी घेतात. तेल घालत नाहीत, कारण मग ती कातड्याला धरत नाही. पुडीचा मध्य ओल्या बोटांनी पुसून कणीक दाबत पसरायची, मधे जाड आणि कडेला पातळ. कडेचे कातडे मोकळे राहिले पाहिजे.

आधी शाईपुडी तंबोऱ्याशी मिळवतात: गठ्ठे सरकवून, मग गजऱ्यावर हातोडीचे हलके ठोके देऊन. दोन्ही पुड्या एकाच वादीने ताणलेल्या असल्यामुळे उजवी चढवली की डावीही थोडी ताणली जाते. म्हणून कणीक शेवटी. धूम साधारणपणे खालच्या षड्जाला मिळवतात. कणीक कमी पडली तर आवाज चढा आणि कोरडा येतो. जास्त झाली तर नुसता ‘धप्’ ऐकू येतो, मागची गुंज उरत नाही. मुद्रणासाठी कणीक किंचित जास्त लावून थोडी थोडी काढत जाणे सोयीचे. लांब गुंज समोर बसून ऐकताना गोड लागते, पण कीर्तनकाराच्या निरूपणाखाली ती सतत घुमत राहिली तर शब्द बुडतात. ही गुंज नंतर यंत्राने कापण्यापेक्षा कणकेनेच आखूड केलेली बरी. यंत्र आवाज कमी करते, पुडीचे वागणे बदलत नाही.

माइक दोन लावावेत. शाईपुडीसाठी लहान पडद्याचा कंडेन्सर, पुडीपासून सुमारे २० सेंटिमीटरवर, वादकाच्या हाताच्या वाटेत येणार नाही असा, शाई आणि चाट यांच्या मधल्या भागाकडे तिरका रोखलेला. अगदी शाईवर रोखला तर बोटांचा टकटकाट वाढतो. धूमपुडीसाठी खोल खर्ज नीट पकडणारा डायनॅमिक किंवा मोठ्या पडद्याचा माइक, २० ते २५ सेंटिमीटरवर. इथे जवळीक फसवी असते. एकाच दिशेने ऐकणारा माइक ध्वनीच्या जितका जवळ नेऊ तितका त्याचा खर्ज फुगतो. चार बोटांवर ठेवलेल्या माइकमधली धूम हेडफोनवर भारदस्त वाटते, पण पूर्ण कीर्तनात तिचे बोल ओळखू येत नाहीत. शिवाय उघड्या पंजाची थाप बसली की हवेचा झोत सुटतो आणि कणकेचे बारीक तुकडेही उडतात. म्हणून माइक पुडीच्या नेमका समोर न ठेवता थोडा बाजूला घ्यावा आणि त्यावर कापडी जाळी चढवावी.

दोन माइक एकत्र केल्यावर धूम अचानक पातळ झाली, तर दोष माइकचा नसतो. डाव्या पुडीवर थाप बसली की ती आत दबते. खोडातली हवा त्याच क्षणी उजव्या पुडीला बाहेर ढकलते. डाव्या माइकसमोरची हवा मागे ओढली जात असताना उजव्या माइकसमोरची पुढे रेटली जाते, आणि मिश्रणात दोन्ही खर्ज एकमेकांना खाऊन टाकतात. मिक्सरवरचे फेजचे बटण एका माइकवर दाबून धुमेची थाप दोन्ही प्रकारे ऐकावी. ज्या स्थितीत खर्ज भरीव येतो, ती ठेवावी. ही तपासणी दोन्ही माइक एकाच स्पीकरवर आणून करावी, म्हणजे फरक लपत नाही.

खोलीचाही वाटा असतो. आठ फूट उंच छताच्या छोट्या स्टुडिओत सुमारे ७० हर्ट्झचा ध्वनी जमीन आणि छत यांच्यामध्ये अडकून घुमतो. काळी एकचा खोल खर्ज नेमका तिथेच, ६९ हर्ट्झवर येतो. धूम त्याच्या आसपास मिळवलेली असेल तर जमिनीवर बसून वाजवलेला पखवाज भलताच गरजतो. हाच वादक कीर्तनातल्यासारखा पखवाज गळ्यात अडकवून उभा राहिला, तर वाद्य मधल्या उंचीला येते. तिथे ही घुमणी जवळजवळ नाहीशी होते आणि आवाज पोकळ वाटतो. वाद्य तेच, कणीक तीच. अशा खोलीत वादकाला फूट-दीड फूट उंच लाकडी पाटावर बसवले की बराच समतोल साधतो. भिंतीपासूनही त्याला दूर आणावे, पण खोलीच्या ऐन मध्यावर नको.

टाळ हा वेगळा प्रश्न आहे. टाळांचा तीक्ष्ण नाद शाईपुडीच्या माइकमध्ये सहज शिरतो. हृदयाकृती पद्धतीचा माइक मागून सर्वांत कमी ऐकतो, म्हणून त्याची पाठ टाळकऱ्यांकडे करावी. मुद्रणाची पातळी सर्वांत जोराच्या थापेलाही −10 dBFS च्या खाली राहील अशी ठेवावी. रंगात आलेला वादक चाचणीपेक्षा जोरानेच वाजवतो. लो-कटचे बटण बहुधा ७५ ते १०० हर्ट्झखालचा आवाज कापते, म्हणजे धुमेचा पायाच जातो. पावलांची धडधड घालवायला ३० ते ४० हर्ट्झची मर्यादा पुरते.

प्रत्येक अभंगाआधी मोकळी धूम आणि शाईवरची थाप वेगळी मुद्रित करून पहिल्या नमुन्याशी ताडावी. पंख्याखाली कणीक लवकर वाळते. कडा पांढुरक्या होतात, बारीक भेगा पडतात आणि धूम हळूहळू चढते. बदल एकदम होत नसल्याने वाजवणाऱ्यालाही तो जाणवत नाही. पण पहिल्या आणि चौथ्या अभंगातले तुकडे जोडायला घेतले की सांधा लगेच कळतो. चढलेली धूम ओल्या बोटाने कणीक भिजवून बरीचशी उतरते. तडकलेली कणीक मात्र काढून नवीच लावावी. काढताना कणीक आधी भिजवून मऊ करतात. सुकलेली खरवडली तर कातड्याचा पापुद्रा निघतो, आणि तशीच राहू दिली तर रात्रीत उंदीर पुडी कुरतडतात.