तिमाहीची आगाऊ फी: सवलत आणि परताव्याचा हिशेब

छोट्या दुकानांचे जमाखर्च ठेवणाऱ्या स्वतंत्र हिशेबनिसाचे काम महिन्याच्या महिन्याला होते, पण फी तशी येत नाही. कोणी दहा तारखेला देतो, कोणी दोन महिने थकवतो. घरभाडे मात्र पहिल्या आठवड्यात द्यावेच लागते. त्यामुळे काही जण तीन महिन्यांची फी थोड्या सवलतीत आगाऊ घेतात. या सोयीची किंमत सवलतीच्या टक्क्यावर ठरते.

समजा, एका दुकानाची फी महिन्याला ४,००० रुपये आहे आणि ती एरवी महिनाअखेरीस मिळते. तिमाहीचे १२,००० होतात. ३ टक्के सवलत दिली तर हिशेबनिसाला सुरुवातीलाच ११,६४० रुपये मिळतात. ३६० रुपये क्षुल्लक वाटतात, पण पैसे जेमतेम एक ते तीन महिने आधी हाती येतात. त्या मुदतीवर व्याज काढले तर ते वर्षाला सुमारे १८ टक्के पडते. सवलत ५ टक्के केली की हाच दर ३१ टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणून २ ते ३ टक्क्यांपुढे जाणे सहसा परवडत नाही. थकवणाऱ्या ग्राहकाच्या मागे लागण्याचे कष्ट वाचत असतील, तरच थोडे अधिक सोडता येते.

दुसरा प्रश्न तारखांचा. अशी सहा दुकाने एकाच दिवशी तिमाहीवर आणली, तर त्या दिवशी ६९,८४० रुपये जमा होतात आणि पुढचे दोन महिने काहीच येत नाही. चढउतार कमी व्हायचा तो वाढतो. त्याऐवजी दर महिन्याला दोनच दुकानांची तिमाही सुरू केली, तर दर महिन्याच्या एक तारखेला २३,२८० रुपये येत राहतात.

आगाऊ आलेली रक्कम काम होईपर्यंत ग्राहकाचीच समजावी. ती वेगळ्या बचत खात्यात ठेवून, महिना संपला की प्रत्येक दुकानामागे एक तृतीयांश, म्हणजे ३,८८० रुपये, खर्चाच्या खात्यात वळते करावेत. वरच्या मांडणीत महिनाअखेरीस दोन दुकानांचे दोन महिने आणि दोन दुकानांचा एक महिना बाकी असतो. म्हणजे त्या दिवशी बचत खात्यात २३,२८० रुपये असायला हवेत. तिथे पाचच हजार असतील, तर न केलेल्या कामाचे पैसे आधीच खर्च झाले आहेत, आणि एखाद्याने परतावा मागितला तर तो दुसऱ्याच्या आगाऊ रकमेतून द्यावा लागेल.

काम मधेच थांबले तर काय, हे पैसे घेण्याआधीच लिहून ठेवावे. समजा, एप्रिल ते जूनचे पैसे भरलेल्या दुकानदाराने मेअखेर दुकान बंद केले. दोन महिन्यांचे काम झाले आहे. परताव्याच्या रीती दोन आहेत. सवलतीच्या दराने ७,७६० रुपये वापरले गेले असे धरले, तर ३,८८० परत जातात. मूळ दराने दोन महिन्यांचे ८,००० धरले, तर ३,६४० परत जातात, कारण सवलत पूर्ण तिमाहीसाठी होती. ग्राहकाने काम थांबवले तर दुसरी रीत आणि हिशेबनिसाने थांबवले तर पहिली, असे ठरवणे दोघांनाही पटण्यासारखे असते. सोबत पंधरा दिवसांची पूर्वसूचना आणि पैसे किती दिवसांत परत मिळतील, तेही लिहावे.

खरा वाद पहिल्या महिन्यावरून होतो. जुन्या पावत्या लावणे आणि मागच्या नोंदी पुऱ्या करणे हे काम सुरुवातीलाच असते. महिन्याभरात ग्राहक सोडून गेला, तर एका महिन्याच्या फीत दोन महिन्यांचे कष्ट जातात. त्या कामाची फी तिमाहीत न मिसळता वेगळी घ्यावी आणि काम झाल्यावर ती परत मिळणार नाही असे स्पष्ट करावे. मात्र सगळ्याच रकमेवर ‘परतावा नाही’ असे छापून भागत नाही. १८७२च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ७४प्रमाणे करारभंगासाठी रक्कम ठरवलेली असली, तरी त्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळते.

हिशेबनीस जीएसटीत नोंदलेला असेल, तर सेवेची आगाऊ रक्कम मिळताच तिच्यावरील कराची जबाबदारी येते आणि त्या रकमेचे रिसीट व्हाउचर द्यावे लागते. काम झालेच नाही आणि बिलही निघाले नाही, तर परताव्याच्या वेळी रिफंड व्हाउचर द्यायचे. बिल निघाले असेल, तर क्रेडिट नोट. कराचा भागही परताव्यात धरायचा असतो.

हिशेब मिटताना दुकानाच्या पावत्या, नोंदींचा बॅकअप आणि पासवर्ड ग्राहकाच्या हवाली करावेत. कुठल्या तारखेपर्यंतच्या नोंदी पुऱ्या आहेत ते लिहून दोघांनी सही करावी, म्हणजे पुढच्या विवरणपत्राची जबाबदारी कोणाची, यावर नंतर वाद राहत नाही.