एकशे बावीसचे दोनशे बेचाळीस का झाले?

बेन्झॉइक आम्लाच्या एका रेणूत कार्बनचे सात, हायड्रोजनचे सहा आणि ऑक्सिजनचे दोन अणू असतात. त्यांच्या वस्तुमानांची बेरीज केली की मोलर वस्तुमान १२२ येते. हेच आम्ल बेन्झीनमध्ये विरघळवून, ते द्रावण किती अंशांवर गोठते हे मोजून वस्तुमान काढले, तर उत्तर २४२ च्या आसपास येते. रेणूचे सूत्र बदललेले नाही आणि वजनकाटाही बिघडलेला नाही. तरी आकडा जवळजवळ दुप्पट. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रसायनशास्त्रज्ञांपुढे अशी उत्तरे वारंवार येऊ लागली. त्यांतून कळले ते असे, की द्रावणात गेलेले रेणू नेहमी एकेकटे राहत नाहीत.

शुद्ध बेन्झीन सुमारे ५.५ अंश सेल्सिअसला गोठते. त्यात दुसरा पदार्थ विरघळला की गोठणबिंदू खाली उतरतो. फ्रान्सच्या फ्रांस्वा राउल्ट यांनी १८८० च्या दशकात असंख्य द्रावणांवर प्रयोग करून दाखवले, की द्रावण विरळ असेल तर ही घट विरघळलेल्या पदार्थाच्या जातीवर अवलंबून नसते. ती कणांच्या संख्येवर ठरते. जर्मनीच्या अर्न्स्ट बेकमन यांनी त्यासाठी अंशाचा शंभरावा भागही स्पष्ट दाखवणारा खास तापमापक तयार केला. म्हणजे या प्रयोगात तापमापक रेणूचे वजन करत नाही, तो कण मोजतो. वजन आपण आधीच केलेले असते. त्याला कणांच्या संख्येने भागले की एका कणाचे वस्तुमान मिळते. पोत्यातल्या नारळांचे एकूण वजन ठाऊक असेल आणि मोजणाऱ्याने दोन-दोन नारळांची बांधलेली जोडी एकच धरली, तर एका 'नारळाचे' वजन दुप्पट निघेल. बेन्झीनमध्ये नेमके हेच होते.

बारावीच्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी हमखास सोडवलेले एनसीईआरटीच्या पुस्तकातले उदाहरण घेऊ. २५ ग्रॅम बेन्झीनमध्ये २ ग्रॅम बेन्झॉइक आम्ल विरघळवले आणि गोठणबिंदू १.६२ अंशांनी उतरला. २५ ग्रॅमला २ ग्रॅम, म्हणजे किलोला ८० ग्रॅम. एक किलो बेन्झीनमध्ये एक मोल कण असले तर घट ४.९ अंशांची होते, असे उदाहरणात दिले आहे. मग १.६२ अंशांच्या घटीसाठी किलोमागे ०.३३ मोल कण हवेत. ८० ग्रॅमला या संख्येने, पुढचे दशांश न सोडता, भागले की २४२ येतात. रेणू सुटे असते तर घट ३.२ अंशांच्या जवळ गेली असती. ती निम्मीच भरली, कारण कण निम्मे होते.

किती रेणूंनी जोड्या केल्या, हे आता सांगता येते. १२२ ला २४२ ने भागले की ०.५०४ मिळतात. हाच व्हॅन्ट हॉफ घटक. त्याचा अर्थ असा, की १०० रेणू टाकले तर मोजणीत ५०.४ कणच सापडले. दोन रेणूंची जोडी झाली की मोजणीतला एक कण कमी होतो. कमी झाले ४९.६, म्हणजे जोड्याही ४९.६, आणि त्यांत गुंतलेले रेणू ९९.२. म्हणून असोसिएशनचे प्रमाण ९९.२ टक्के.

या जोडीला डायमर म्हणतात. बेन्झॉइक आम्लाच्या टोकाला असलेल्या कार्बॉक्सिल गटात एक ऑक्सिजन हायड्रोजनला धरून असतो आणि दुसऱ्याला बाहेरचा हायड्रोजन ओढून घेता येतो. दोन रेणू समोरासमोर आले की प्रत्येकाचा हायड्रोजन दुसऱ्याच्या ऑक्सिजनशी बांधला जातो. असे दोन हायड्रोजन बंध मिळून आठ अणूंचे बंद कडे तयार होते. बांधले जाण्याच्या दोन्ही जागा त्यात गुंतून जातात, म्हणून तिसरा रेणू सहसा येऊन चिकटत नाही आणि गट दोनावरच थांबतो. बेन्झीनकडे हायड्रोजन बंध करण्याजोगे फारसे काही नसल्यामुळे ते ही जोडी फोडत नाही. अॅसिटोनमध्ये मात्र द्रावकाचा ऑक्सिजनच आम्लाच्या हायड्रोजनला धरतो. तिथे रेणू सुटे राहतात आणि वस्तुमान १२२ च्या जवळ मिळते. घन बेन्झॉइक आम्लाच्या स्फटिकाची क्ष-किरणांनी काढलेली रचना १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यातही अशाच जोड्या दिसल्या.

तापमापक न वापरताही याची खातरजमा होते. वॉल्टर नेर्न्स्ट यांनी १८९१ मध्ये एकमेकांत न मिसळणाऱ्या दोन द्रवांत पदार्थ कसा वाटला जातो याचा नियम मांडला. पाणी आणि बेन्झीन यांत बेन्झॉइक आम्ल घालून हलवले, तर दोन थरांतल्या संहतींचे साधे गुणोत्तर स्थिर राहत नाही. पाण्यातली संहती दुप्पट व्हायला बेन्झीनमधली जवळजवळ चौपट व्हावी लागते. पाण्यात सुटे आणि बेन्झीनमध्ये जोडीने, असे मानले तरच हा वर्गमुळाचा संबंध जुळतो.

मात्र ९९.२ या आकड्यातल्या दशांशावर फार भरवसा ठेवू नये. घट १.६२ ऐवजी १.६३ वाचली तर असोसिएशन ९८.५ टक्के येते आणि १.६१ वाचली तर ९९.८. म्हणजे अंशाच्या शंभराव्या भागाने सुट्या रेणूंचा वाटा दीड टक्क्यापासून ०.२ टक्क्यापर्यंत, सुमारे सातपट, बदलतो. बहुतेक रेणू जोडीत आहेत एवढे या प्रयोगातून ठामपणे कळते; उरलेले सुटे नेमके किती, हे कळत नाही. बेन्झीनमध्ये थोडेसे पाणी राहिले, तरी स्वतः पाण्याचे कण मोजणीत भर घालतात आणि जोड्याही सैल करतात. मग वस्तुमान खोटेच कमी येते. द्रावण विरळ केले किंवा तापवले तरी जोड्या सुटू लागतात, पण तो प्रयोगाचा दोष नव्हे, समतोलाचा स्वभाव आहे.

उलट दिशेची चूकही ओळखता येते. आजच्या कोष्टकांत बेन्झीनचा गोठणांक स्थिरांक ४.९ नसून बहुधा ५.१२ दिलेला असतो. तो घेऊन वरचेच गणित केले तर वस्तुमान २५३ आणि असोसिएशन १०३ टक्के येते! शंभरातले एकशे तीन रेणू जोडीत असू शकत नाहीत. इथे नवा तिहेरी रेणू शोधण्याआधी दोन गोष्टी तपासाव्या लागतात. स्थिरांक आणि मोजलेली घट एकमेकांशी सुसंगत आहेत का, आणि किलोला ८० ग्रॅमचे हे द्रावण विरळ म्हणावे इतके विरळ आहे का?

म्हणून हे गणित सोडवणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने उत्तराखाली रेघ मारण्याआधी ते १२२ आणि २४४ यांच्या मध्ये बसते का, हे पाहावे. १२२ म्हणजे सगळे सुटे, २४४ म्हणजे सगळे जोडीत. उत्तर या दोन टोकांच्या बाहेर गेले, तर आम्लाला दोष न देता आधी आपला स्थिरांक आणि आपले मोजमाप पुन्हा तपासावे.