शिवणीतून निसटणारी ऊब

पफर जॅकेट फुगतं ते आतल्या पिसांमुळे. ऊब मात्र देते पिसांत अडकलेली हवा. लेबलवरचा ७०० हा आकडा पिसांचं वजन नव्हे. एक औंस पिसं किती घनइंच जागा व्यापतात, ते तो सांगतो. म्हणूनच ८०० आकड्याचं, पण मोजकीच पिसं भरलेलं जॅकेट ६०० वाल्या भरगच्च जॅकेटपेक्षा कमी उबदार ठरू शकतं. दुकानदार हे सहसा सांगत नाही.

पिसं खाली घसरू नयेत म्हणून कप्पे शिवतात. अमेरिकेत एडी बाउर यांनी १९३६ मध्ये केलेल्या जॅकेटवर शंकरपाळ्यांसारखी शिवण होती. आता आडवे पट्टे जास्त दिसतात. शिवण आरपार गेली की त्या रेषेवर पिसं उरतच नाहीत आणि ऊब तिथूनच निसटते. महाग जॅकेटात दोन कापडांमध्ये उभी पट्टी लावून हे टाळतात. भिजल्यावर पिसांचे गोळे होतात, तेव्हा ओल्या थंडीत सिंथेटिक भरण बरं.

पार्का मांडीपर्यंत येतो. त्याच्या टोपीची फरची कड तोंडावरचा वारा मोडते. अनोरॅक डोक्यातून घालायचा, कमरेपर्यंतचा. त्यात बहुधा भरण नसतं, त्यामुळे आत स्वेटर हवाच.