कूस बदलताना जांघेत उठणारी कळ

सातव्या महिन्याच्या आसपास बऱ्याच बायका एक तक्रार सांगतात, आणि ती सांगताना आवाज खाली येतो. दुखतं कुठे, तर दोन्ही जांघांच्या मधोमध, जिथे ओटीपोट संपून पुढचं हाड हाताला लागतं तिथे. रात्री डाव्या कुशीवरून उजवीकडे वळताना कळ उठते, कधी आत 'कट्' असं काहीतरी होतं. जिना चढताना, रिक्षातून उतरताना, उभ्यानं सलवारीत एक पाय घालताना तीच कळ. जागा अशी की घरात बोलायचा संकोच वाटतो, आणि बोललं तरी 'आता दिवस भरत आलेत, दुखायचंच' एवढंच उत्तर मिळतं. डॉक्टरांच्या भाषेत ही 'पेल्विक गर्डल पेन'ची तक्रार. साधारण पाचातल्या एका गरोदर बाईला कंबरेच्या हाडांचं हे दुखणं कमीअधिक होतं. बाळाला त्यानं धोका नसतो. पण 'दुखायचंच' म्हणून सोडून द्यावं असंही ते नाही, कारण त्यावर करण्यासारखं बरंच आहे.

कंबरेची दोन मोठी हाडं मागे माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडाला जोडलेली असतात आणि पुढे एकमेकांना भिडतात. पुढच्या या जोडात कूर्चा असते. एरवी त्यातली फट चार-पाच मिलिमीटरची असते, गरोदरपणात ती आणखी दोन-तीन मिलिमीटर वाढते. सांधे सैल करणारी संप्रेरकं, वाढतं पोट, बदललेला तोल हे सगळं त्यामागे असतं. मात्र फट जास्त म्हणून दुखणं जास्त, असं गणित नाही. फट वाढूनही काहींना काही जाणवत नाही आणि जेमतेम वाढलेल्या काहींना पाऊल उचलवत नाही. म्हणूनच 'हाड सरकलंय' हे कुणी म्हटलेलं लगेच मनावर घेऊ नये. फट दहा मिलिमीटरच्या पुढे जाऊन सांधा खरोखर उलगडणं ही वेगळी आणि विरळ गोष्ट आहे.

मग कूस बदलताना आणि जिन्यावरच का दुखतं? दोन्ही पायांवर सारखं उभं असताना दोन्ही हाडांवर भार सारखा येतो. एक पाय उचलला की सगळं वजन एका बाजूवर जातं आणि दोन हाडं पुढच्या जोडापाशी एकमेकांवर घासू पाहतात. एरवी पोटाचे, नितंबांचे आणि मांडीच्या आतले स्नायू ती आवळून धरतात. आता सांधा सैल आहे आणि पोटाचे स्नायू ताणलेले आहेत, म्हणून पकड कमी पडते. अंथरुणात आपण एक टाच गादीत रोवून, एक गुडघा बाहेर टाकून वळतो, तेव्हाही हेच घडतं. हे एकदा नीट समजलं की उपायांची दिशा कळते: दोन्ही पायांनी एकत्र हलायचं, आणि एका पायावर उभं राहण्याचे प्रसंग कमी करायचे.

कूस बदलायची रीत फिजिओथेरपिस्ट अशी शिकवतात. दोन्ही गुडघे वाकवा, मध्ये उशी धरा आणि ती गुडघ्यांनी हलकेच दाबा. श्वास सोडत खांदे, कंबर आणि गुडघे एकाच वेळी वळवा. सुती गाऊन सुती चादरीला चिकटतो आणि कंबर मागे राहते. कंबरेखाली एखादं गुळगुळीत, सॅटिनचं कापड अंथरलं तर हा त्रास बराच कमी होतो. उठताना आधी कुशीवर या, दोन्ही पाय जोडून कडेवरून खाली सोडा आणि हातांनी रेटून बसा. जमिनीवरच्या गादीवरून उठताना एक पाय आधी रोवावाच लागतो, म्हणून हे दिवस कॉटवर झोपलेलं बरं.

एक उदाहरण घेऊ. तिसऱ्या मजल्यावर राहणारी, लिफ्ट नसलेल्या इमारतीतली, एकतिसाव्या आठवड्यातली बाई. दुखणं उजवीकडे जास्त. तपासताना तिला पाठीवर झोपवून उजवा पाय सरळ ठेवून वीतभर उचलायला सांगितला, तर तो शिशासारखा जड झाला. मग कंबरेच्या दोन्ही बाजूंनी हात लावून हाडं आवळून धरली आणि म्हटलं, "ताई, आता उचला." पाय हलका झाला. याचा अर्थ बाहेरून आधार दिला तर हिला फरक पडेल. तिला पट्टा दिला, पण पोटावर बांधायचा नव्हे. तो पोटाच्या खाली, मांडीच्या खुब्यांवरून, पुढच्या हाडावर येईल असा बांधायचा, चालताना घालायचा आणि झोपताना काढायचा. जिना एकेक पायरी करत चढायचा: वर जाताना आधी डावा, म्हणजे कमी दुखणारा पाय, मग त्याच पायरीवर उजवा. उतरताना आधी उजवा. कठडा धरायचा आणि बाजारहाट, कचरा, दूध ही कामं एकाच फेरीत बसवायची, जड पिशव्या मात्र घरातल्या दुसऱ्या कुणी आणायच्या. सलवार बसून घालायची. स्कूटरवर टांग टाकून बसणं बंद.

आपल्याकडे एक सल्ला हमखास मिळतो: उकिडवं बसून फरशी पूस, मांड्या फाकवून फुलपाखरासारखं बसत जा, बाळंतपण सोपं जाईल. ज्यांना दुखत नाही त्यांनी जरूर बसावं. पण पुढचं हाड दुखणाऱ्या बाईला बद्धकोणासन आणि मलासन सहसा मानवत नाहीत, कारण त्यात नेमका तोच जोड ताणला जातो. योगवर्गात हे आधीच सांगून टाकावं. त्याऐवजी गुडघ्यांमध्ये उशी हलकेच दाबणं, ओटीपोटाचे स्नायू आत घेणं, नितंब आवळणं हे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत. कळ वाढली की तो व्यायाम थांबवायचा. पूर्ण अंथरूण धरून पडणंही बरं नाही, स्नायू आणखी ढिले होतात. औषधाबाबत, पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून घेता येतं. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकच्या गोळ्या घरात पडलेल्या असल्या तरी आपल्या आपण घेऊ नयेत.

जांघेतली प्रत्येक कळ मात्र या सांध्याची नसते. ठरावीक अंतरानं पोट कडक होत असेल, रक्त किंवा पाणी जात असेल, बाळाची हालचाल कमी वाटत असेल, ताप असेल किंवा लघवीला जळजळ होत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. एकच पाय सुजून दुखू लागला तर शिरेत गुठळी झाली असण्याची शंका घ्यावी लागते. पायांत किंवा जांघांच्या मध्ये बधिरपणा आला, पायातली ताकद गेली, किंवा पायावर वजनच टाकता येईना, तर तीही थांबण्याची वेळ नव्हे.

बाळंतपणाआधी एक मोजमाप करून ठेवावं. कुशीवर किंवा पाठ टेकून बसून गुडघे हळूहळू लांब न्या, आणि कळ सुरू होण्याआधी त्यांच्यात किती अंतर पडतं ते कुणाकडून तरी टेपनं मोजून घ्या. तो आकडा फाइलवर लिहून लेबर रूममधल्या सिस्टरना दाखवा. कमरेतून भूल दिली तर दुखणं जाणवत नाही आणि पाय नकळत त्यापलीकडे ओढले जातात, म्हणून तिथे या आकड्याला जास्त महत्त्व. पाय टांगावे लागलेच तर दोन्ही एकत्र उचलायचे आणि एकत्र उतरवायचे. कुशीवर किंवा हातागुडघ्यांवर टेकूनही बाळंतपण होऊ शकतं, हे डॉक्टरांशी आधी बोलून ठेवावं. केवळ या दुखण्यासाठी सिझेरियनची सहसा गरज नसते.

बहुतेकींचं दुखणं प्रसूतीनंतर काही आठवड्यांत ओसरतं, थोड्या जणींचं रेंगाळतं. बाळाला एका कडेवर घेऊन फिरणं तोवर टाळावं. सहा आठवड्यांच्या तपासणीलाही पायरी चढताना कळ येत असेल तर ती तिथे आपणहून सांगावी, कारण त्या भेटीत विचारणा होते ती बहुधा टाक्यांची आणि दुधाची.