पंचवीस मीटरचं भगदाड

ऑगस्ट १८६२ मधली रात्र. ‘ग्रेट ईस्टर्न’ हे त्या काळातलं जगातलं सर्वांत मोठं जहाज न्यूयॉर्कच्या जवळ आलं होतं. लाँग आयलंडच्या माँटॉक टोकापाशी तळाखालून घरघर ऐकू आली आणि जहाज किंचित एका अंगाला कललं. इंजिनं चालू होती, आतले मजले कोरडे होते. जहाज आपल्या बळावर न्यूयॉर्कला पोचलं. मग पाणबुडे खाली उतरले, तेव्हा कळलं की नकाशात नसलेल्या एका खडकानं तळ फाडला आहे. भगदाड सुमारे २५ मीटर लांब होतं आणि रुंदीला पावणेतीन मीटरपर्यंत.

पन्नास वर्षांनी, एप्रिल १९१२ मध्ये, ‘टायटॅनिक’ हिमनगाला घासलं. जहाज बांधणाऱ्या ‘हारलँड अँड वुल्फ’ कंपनीचे अभियंते एडवर्ड वाइल्डिंग यांनी चौकशीत हिशेब मांडला. पाणी ज्या वेगानं आत आलं, त्यावरून सगळ्या फटींचं मिळून क्षेत्रफळ साधारण १२ चौरस फूट असावं, म्हणजे एका दरवाज्याहूनही कमी. तरी ‘टायटॅनिक’ २ तास ४० मिनिटांत बुडालं. म्हणून जहाज बुडणार की तरणार हे केवळ भोकाच्या आकारावरून सांगता येत नाही. त्या भोकातून शिरलेलं पाणी कुठवर जाऊ शकतं, हे पाहावं लागतं.

‘ग्रेट ईस्टर्न’ची रचना इझंबार्ड ब्रुनेल यांची. त्यांनी जहाजाला दोन कवचं दिली होती, बाहेरच्या लोखंडी कवचाच्या आत सुमारे ८६ सेंटिमीटरवर दुसरं तसंच कवच. महत्त्वाचं म्हणजे हे आतलं कवच तळापुरतं नव्हतं, दोन्ही बाजूंनी पाण्याच्या पातळीपर्यंत वर चढत गेलेलं होतं. खडकानं बाहेरचा पत्रा फाडला, पाणी मधल्या पोकळीत भरलं आणि तिथेच अडलं. थोडा कल आला तो त्या पोकळीतल्या पाण्याच्या वजनानं. एवढ्या मोठ्या जहाजाला पुरेल अशी सुकी गोदी तिथे नव्हती, म्हणून रेनविक बंधूंनी भगदाडाभोवती लाकडी पेटारा घट्ट बसवला, आतलं पाणी उपसलं आणि जहाज तरंगत असतानाच पत्रे ठोकले. हेच जहाज पुढे समुद्राखाली तारा टाकण्याच्या कामाला लागलं. १८७० मध्ये ते मुंबईला आलं आणि इथून एडनपर्यंतची तार त्यानंच टाकली.

‘टायटॅनिक’लाही दुहेरी तळ होता. पण तो तळापुरताच. तळ जिथे वळून बाजूची भिंत सुरू होते, तिथे आतलं कवच संपत होतं. बर्फानं जहाज फाडलं ते त्याच्या वर, जिथे समुद्र आणि बॉयलरची खोली यांच्यामध्ये एकच पत्रा होता.

मग संरक्षणाची सगळी भिस्त आली बल्कहेडवर, म्हणजे जहाजाच्या एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत गेलेल्या जलरोधक भिंतींवर. ‘टायटॅनिक’मध्ये अशा १५ भिंती होत्या आणि त्यांनी जहाजाचे १६ कप्पे झाले होते. त्यांचं काम समजायला आर्किमिडीज पुरतो. जहाज आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारून तरंगतं. एक कप्पा समुद्राला मिळाला की तेवढ्या भागाचा आधार गेला, आणि तो भरून काढण्यासाठी उरलेलं जहाज थोडं खोल बसतं. नव्या पातळीला तोल साधला की बुडणं थांबतं. त्यासाठी अट एकच: त्या नव्या पातळीलाही भिंतींची वरची कड पाण्याच्या वर राहिली पाहिजे.

नाळेकडचे पहिले चारही कप्पे भरले, तरी ‘टायटॅनिक’ ही अट पाळू शकलं असतं. त्या रात्री पाणी सहा कप्प्यांत शिरलं. सहाव्यात ते थोडंच येत होतं, पण पहिले पाच भरत होते. वाइल्डिंग यांच्या अंदाजानं पहिल्या ४० मिनिटांतच १६ हजार टन पाणी आत आलं, म्हणजे सेकंदाला सुमारे सात टन. तेवढं उपसणं जहाजावरच्या पंपांच्या आवाक्याबाहेर होतं. पूल आणि जिमखाना असलेल्या या जहाजातल्या मधल्या भिंती मात्र पाण्याच्या पातळीपासून जेमतेम तीन मीटर वर संपत होत्या, आणि त्यांच्या डोक्यावर जलरोधक झाकण नव्हतं. नाळ खाली गेली तशी पुढच्या भिंतींची कड पाण्याखाली आली आणि पाणी भिंतीवरून पुढच्या कप्प्यात ओतू लागलं. तो भरला की नाळ आणखी खाली, मग पुढची भिंत. भिंती फुटल्या म्हणून जहाज बुडालं असं नाही. त्या तोकड्या पडल्या. जहाजाचे रचनाकार थॉमस अँड्र्यूज यांनी खाली जाऊन किती कप्पे फुटलेत ते पाहिलं आणि जहाज वाचणार नाही हे कप्तानाला सांगितलं. भिंतींची संख्या आणि उंची ठाऊक असलेल्या माणसाला तेवढी पाहणी पुरेशी होती.

कंपनीनं धडा घेतला. ‘टायटॅनिक’चं जुळं जहाज ‘ऑलिंपिक’ १९१२ च्या हिवाळ्यात परत गोदीत नेलं गेलं. बॉयलर आणि इंजिनांच्या बाजूंना आतून दुसरं कवच बसवलं, पाच भिंती थेट वरच्या बी-डेकपर्यंत चढवल्या. आता पुढचे सहा कप्पे भरले तरी ते तरंगू शकणार होतं. पन्नास वर्षांपूर्वी ब्रुनेल यांनी जे केलं होतं, तेच फिरून करावं लागलं. बाजूचं दुसरं कवच महाग, जड आणि माल-प्रवाशांची जागा खाणारं, म्हणून मधल्या काळात ते मागे पडलं होतं. मला ही गोष्ट मनापासून खटकते. उपाय सापडलेला होता, वापरून सिद्ध झालेला होता.

तरी पुरेशा भिंती असल्या म्हणजे काम झालं असंही नाही. तिसरं जुळं जहाज ‘ब्रिटानिक’ या सगळ्या सुधारणांसह बांधलं गेलं आणि युद्धात इस्पितळाचं जहाज झालं. २१ नोव्हेंबर १९१६ रोजी ग्रीसच्या केआ बेटाजवळ सुरुंगाचा स्फोट झाला आणि ५५ मिनिटांत ते बुडालं, ‘टायटॅनिक’पेक्षा कितीतरी लवकर. स्फोटाच्या धक्क्यानं काही जलरोधक दारं बंदच झाली नाहीत. शिवाय खालच्या मजल्यांवरच्या खोल्यांत हवा खेळावी म्हणून बाजूच्या गोल खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या. जहाज कललं, त्या खिडक्या पाण्याला टेकल्या आणि वरच्या अंगानं नवं भगदाड पडल्यासारखं झालं. भिंत शाबूत असून उपयोग नाही, तिच्यातलं दार आणि तिच्या बाजूची खिडकीही मिटलेली हवी.

लांबीच्या दिशेनं घातलेल्या भिंतींना आणखी एक दोष आहे. जहाजाचा एका अंगाचा कप्पाच भरला तर सगळं वजन एकीकडे येतं आणि जहाज कलू लागतं. कल वाढला की उंचावलेल्या बाजूच्या होड्या जहाजाच्या अंगावर घासतात, त्या खाली सोडणंच कठीण होतं, आणि जहाज पालथं होण्याचा धोका वाढतो. म्हणून अशा रचनेत समोरच्या बाजूच्या कप्प्यात पाणी मुद्दाम सोडून तोल साधण्याची सोय ठेवतात. पाणी सोडल्यानं जहाज खोल बसतं, पण सरळ राहतं. ‘टायटॅनिक’च्या मोठ्या भिंती आडव्या होत्या, त्यामुळे पाणी दोन्ही अंगांना पसरलं. शेवटपर्यंत ते फारसं कललं नाही, दोन्ही बाजूंच्या होड्या खाली सोडता आल्या, आणि सुमारे ७०० माणसं त्यांतून वाचली.