१५ ऑगस्टची जोडून सुट्टी: पाचगणी की तारकर्ली?

पुण्यातलं एक कुटुंब धरू. नवरा-बायको, आठ वर्षांची मुलगी आणि गुडघे दुखणारी आजी. सुट्टी तीन दिवसांची, मनात दोन ठिकाणं.

हवामान, गर्दी, खर्च आणि दमणूक यांना गुण द्यावेत, बेरीज करावी आणि ज्याचे गुण जास्त तिथे जावं, असं बरेच जण मानतात. पण एखादा निकष सहलीचा हेतूच मोडत असेल, तर तो बेरजेत झाकला जातो. तारकर्लीला लोक जातात ते स्कूबासाठी आणि होडीतून सिंधुदुर्ग किल्ला बघायला. ऑगस्टमध्ये समुद्र खवळलेला आणि पाणी गढूळ असतं, म्हणून पावसाळ्यात हे दोन्ही बंद असतं. म्हणून पहिला प्रश्न हाच: ज्यासाठी जायचं, ते त्या दिवसांत सुरू आहे का?

‘पावसाळ्यात कोकण स्वस्त पडतं’ हेही अर्धंच खरं. खोलीचं भाडं कमी असेल, पण तारकर्ली पुण्याहून साधारण ३९० किलोमीटर आहे आणि पाचगणी शंभरच्या आसपास. जाऊन-येऊन जवळपास ५८० किलोमीटरचा फरक पडतो. गाडी लिटरला १५ किलोमीटर देत असेल, तर ३८-३९ लिटर पेट्रोल जास्त लागतं. लिटरला शंभर रुपये धरले तरी हे पावणेचार हजारांच्या पुढे जातं. दोन रात्रींत भाड्याचे दोन हजार वाचले, तरी खर्च वाढतोच. शिवाय प्रत्येक बाजूला आठ-नऊ तास गाडीत बसायचं. आजीच्या गुडघ्यांना तिथेच सुट्टी पुरे होते.

‘मग पाचगणी-महाबळेश्वरही बाद, तिथे तर पाऊस थांबत नाही,’ असं कुणी म्हणेल. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो हे खरं, पण अवघ्या वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीत त्याच्या साधारण एक तृतीयांश. ढग आधी पश्चिमेच्या कड्यावर रिते होतात. पसरणी घाट उतरून वाईला आलं की पाऊस आणखी कमी. म्हणून मुक्काम पाचगणीत किंवा वाईत करावा. धुकं मात्र पाचगणीतही भेटतं, दरी दिसेलच असं नाही. मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आणि वाईचा नदीवरचा घाट बघायला दरी मोकळी असावी लागत नाही.

गर्दीचं म्हणाल, तर ती ठिकाणाइतकीच वेळेचीही असते. पहिल्या दिवशी सकाळी नऊला निघालात, तर खंबाटकीतच अडकाल. पहाटे पाचला निघा आणि शेवटच्या दिवशी दुपारचं जेवण पुण्यात करा.

महिनाभर आधीच्या अंदाजावर मात्र विसंबू नका. ठिकाण निवडताना त्या महिन्याचं नेहमीचं हवामान बघायचं, आणि निघायच्या दोन दिवस आधी हवामान खात्याचा इशारा. सातारा घाटमाथ्याला रेड अलर्ट असेल, तर जायचं नाही. त्यासाठी रद्द केल्यावर पैसे परत मिळतील अशीच खोली घ्यावी.

हीच दोन ठिकाणं २६ जानेवारीला समोर आली, तर हवामानाचा अडसर उरत नाही. तेव्हा तारकर्लीचं पाणी बरंच नितळ असतं. मग निर्णय आजीच्या गुडघ्यांवर आणि रात्रीच्या रेल्वेचं कुडाळपर्यंतचं आरक्षण मिळतंय का, यावर.