जांभ्याच्या भिंतीला चुनाच लागतो

कोकणातल्या जुन्या घरांत एक दुरुस्ती हमखास पाहायला मिळते. माजघराची भिंत चुन्याच्या गिलाव्याची, पण जमिनीपासून तीन फुटांपर्यंत करड्या सिमेंटचा पट्टा. कधीतरी खाली ओल आली, पोपडे सुटले, म्हणून तेवढा भाग खरवडून त्यावर सिमेंट मारलेलं असतं. पहिले एक-दोन पावसाळे भिंत कोरडी दिसते आणि खर्च कारणी लागल्याचं समाधान मिळतं. मग त्या पट्ट्याच्या अगदी वर, जुन्या चुन्याला लोणा लागतो. रंग फुगतो, हात लावला की पांढरी भुकटी हाताला येते. घरमालक गवंड्याला पुन्हा बोलावतो आणि सिमेंट आणखी फूटभर वर जातं. ओलही त्याच्या मागोमाग वर चढते.

यात गवंड्याचं काम कच्चं असतं असं मुळीच नाही. उलट काम जितकं घट्ट, तितका त्रास जास्त. दोष आहे तो जांभा आणि सिमेंट यांच्या जोडीत.

जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो. जमिनीतलं पाणी त्याच्या बारीक पोकळ्यांतून वर शोषलं जातं. ते किती उंच जाईल हे वाटेत किती पाणी उडून जातं त्यावर ठरतं. चुन्याचा गिलावा ही वाफ बाहेर सोडतो, त्यामुळे ओल जोत्याच्या वर फूट-दोन फुटांत थांबते. सिमेंटचा थर घट्ट असल्याने ही वाट बुजते. पाणी नाहीसं होत नाही, ते बाहेर पडायला जागा मिळेपर्यंत वर चढत राहतं. ती जागा म्हणजे पट्ट्याच्या वरचा जुना चुना. पाण्याबरोबर विरघळलेले क्षारही येतात. पाणी उडालं की ते मागे उरतात, त्यांचे स्फटिक होतात आणि वाढताना गिलावा आतून फोडतात. याला आपण लोणा म्हणतो. सिमेंटमध्येही विरघळणारे क्षार असतात आणि खाडीची न धुतलेली वाळू वापरली असेल तर मिठाची भर पडते.

दुसरी गोष्ट ताकदीची. जांभ्याच्या चिऱ्यासाठी भारतीय मानकाने दाबाला तोंड देण्याची किमान क्षमता ठरवली आहे, दर चौरस मिलिमीटरला ३.५ न्यूटन. चुन्याचा साधा मसाला याहून कमजोर असतो, तर एकास चार सिमेंटचा मसाला कितीतरी पट कडक. घर उन्हात तापतं, पावसात भिजतं, जोतं थोडंफार खचतं. अशी हालचाल झाली की जे कमजोर ते आधी फुटतं. चुन्याची भिंत असेल तर बारीक तडा दर्जेत किंवा गिलाव्यात जातो आणि तो भरून काढता येतो. सिमेंट असेल तर दर्जा शाबूत राहते आणि चिरा झिजतो. गिलावा सुटतो तोही चिऱ्याची पापडी सोबत घेऊनच. दर्जा पुन्हा भरता येते, गेलेला चिरा परत येत नाही. म्हणून जुन्या भिंतीच्या दुरुस्तीचा मसाला मूळ दगडापेक्षा मऊ आणि जास्त सच्छिद्र हवा. दुरुस्तीचा मसाला भिंतीशी जुळणारा हवा असं जाणकार म्हणतात, त्याचा अर्थ एवढाच.

चुन्याचा गिलावा जांभ्यासाठी काय करतो हे तो काढल्यावर कळतं. जुन्या गोव्याच्या बॉम जीझस बॅसिलिकाचं बांधकाम १५९४ मध्ये सुरू झालं आणि १६०५ मध्ये तिचा विधिवत अभिषेक झाला. तिच्या जांभ्याच्या भिंती शतकानुशतके चुन्याच्या गिलाव्याखाली होत्या. १९५० च्या दशकात, पोर्तुगीज राजवटीत, इमारत अधिक प्राचीन दिसावी म्हणून तो गिलावा काढून टाकला गेला. आज तिचे तांबडे चिरे पाहणाऱ्याला मोहवतात, पण त्या उघड्या दगडावर दरवर्षी गोव्याचा पावसाळा कोसळतो. चिरे झिजतात, खवले पडतात आणि गिलावा पुन्हा करावा की नाही यावर वाद चालू आहे. बांधणाऱ्यांनी तो गिलावा शोभेसाठी केलेला नव्हता.

आता मूळ घराकडे येऊ. दहा फूट लांबीची भिंत, तीन फुटांपर्यंत सिमेंट, त्यावर फूटभर लोणा, असं गृहीत धरू.

पहिलं काम गिलाव्याचं नसतंच. पाणी कुठून येतं ते आधी शोधावं लागतं. बाहेरच्या अंगाला माती साचून जमीन जोत्याच्या वर आली आहे का? पागोळ्यांचं पाणी भिंतीलगत साठतं का? अंगणात सिमेंटची फरशी करताना उतार घराकडे ठेवला गेला का? कौल फुटलं आहे का? यातलं काही असेल तर उत्तम चुनाही उपयोगाचा नाही. माती उतरवावी आणि पाण्याला बाहेर वाट करून द्यावी.

मग सिमेंटचा पट्टा हलक्या हाताने वाजवून पाहायचा. बद्द आवाज आला तिथे तो भिंतीपासून सुटलेला असतो आणि छिन्नीने सहज निघतो. तो ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत काढावा. जिथे सिमेंट चिऱ्याला इतकं घट्ट धरून बसलंय की ओढताना दगड फुटेल, तिथे तेवढं ठेवून द्यावं. यंत्राचा हातोडा वापरू नये. उघड्या चिऱ्यावर साचलेला लोणा कोरड्या कुंच्याने झाडून गोळा करून बाहेर टाकायचा. पाण्याने धुतला तर तोच क्षार पुन्हा आत शिरतो. दीड फुटी भिंत सुकायला महिने लागतात. त्यामुळे पावसाळा संपल्यावर भिंत उघडायची आणि हिवाळा सरता सरता गिलावा करायचा, हा क्रम बरा.

जुना मसाला कसला होता हे तपासायला त्याचा एक खडा सौम्य आम्लात टाकतात. चुना फसफसून विरघळतो, वाळू तळाशी उरते आणि तिचा रंग, जाडी, प्रमाण कळतं. किनाऱ्याकडे जरा जपून, कारण मसाल्यात शिंपल्यांचा चुरा असेल तर तोही विरघळतो आणि अंदाज चुकतो.

नव्या मसाल्याचं प्रमाण वाळूच ठरवते. नदीची धुतलेली, टोकदार कणांची वाळू पूर्ण सुकवून एका भांड्यात काठोकाठ भरावी आणि पाणी वर दिसेपर्यंत मोजून ओतावं. साधारण भांड्याच्या एक तृतीयांश पाणी मावतं. म्हणजे कणांमधली पोकळी तेवढी आहे, आणि ती भरायला तेवढाच चुना लागतो. एकास तीन हे प्रमाण असं येतं. दहा फूट लांब, चार फूट उंच भागावर वीस मिलिमीटर जाडीचा गिलावा करायला, खाचाखोचा धरून, साडेतीन घनफूट वाळू आणि त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतका, म्हणजे सव्वा घनफुटाच्या आत, विरवलेला चुना पुरतो.

चुना कळीचा आणून घरी विरवलेला उत्तम. पाण्यात कळी टाकायची, कळीवर पाणी ओतायचं नाही. पाणी उकळतं, शिंतोडे उडतात आणि डोळ्यांत गेले तर दृष्टीला धोका असतो, म्हणून चष्मा आणि हातमोजे हवेतच. मग तो पाण्याखाली निदान पंधरा दिवस, शक्यतो महिनाभर मुरू द्यावा. न विरलेले खडे भिंतीवर गेले तर तिथे विरतात आणि गिलाव्याला फोड आणतात. बाजारातली फक्की वापरायची तर ताजी घ्यावी. हवा लागलेली जुनी फक्की पुन्हा खडूच झालेली असते. ती धरत नाही.

पावसाच्या माऱ्यात किंवा सतत ओल राहणाऱ्या ठिकाणी साधा चुना लवकर घट्ट होत नाही. जुने गवंडी त्यात सुरखी, म्हणजे कमी भाजलेल्या विटांची भुकटी, मिसळत. मऊ विटेतले घटक चुन्याशी संयोग पावतात आणि मसाला ओलीतही जमतो. मात्र “लवकर धरावा म्हणून थोडं सिमेंट टाकू” हा मोह टाळावा. इंग्लंडमध्ये १९९० च्या दशकातल्या स्मीटन प्रकल्पाच्या चाचण्यांत चुन्यात अगदी थोडं सिमेंट घातलेले मसाले कमी टिकाऊ ठरले.

भिंत आदल्या दिवशी भिजवून, खोल खड्ड्यांत जांभ्याच्या कपच्या चुन्यात बसवून घ्याव्यात. मग पहिला हात दहा-बारा मिलिमीटरपेक्षा जाड नको. तो ओरखडून खडबडीत ठेवावा आणि आठ-दहा दिवसांनी दुसरा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन बाहेरून आत हळूहळू घट्ट होतो. त्यासाठी गिलाव्यात थोडी ओल लागते, त्यामुळे पहिले काही दिवस ओलं गोणपाट टांगून ठेवतात. वाळताना बारीक चिरा पडल्या तर मसाला मऊ आहे तोवरच रंधा दाबून फिरवला की त्या मिटतात. अनुभवी गवंडी दिवसातून दोन-तीनदा परत येऊन हे करतो. मजुरी ठरवतानाच या फेऱ्या धरायला हव्यात, कारण चुन्याचं काम घाईत केलं की नेमक्या याच फेऱ्या वगळल्या जातात. वरून सफेदीही चुन्याचीच करावी. प्लास्टिकचा रंग लावला तर सिमेंटने बुजवलेली वाट रंगाने बुजते.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. भिंतीत मुरलेला क्षार एका दुरुस्तीत संपत नाही. तो नव्या गिलाव्यात येतो आणि काही वर्षांनी खालचा फूटभर भाग पुन्हा भुसभुशीत होऊ शकतो. हे अपयश नव्हे. क्षार चिऱ्याऐवजी गिलाव्यात येऊन बसला, म्हणून चिरा वाचला. तेवढा भाग काढून नवा करायचा. नव्या काँक्रीटच्या घराला हा हिशेब लागू नाही, तिथे सिमेंटच योग्य. भारतात पोरबंदरच्या कारखान्यात सिमेंटचं उत्पादन सुरू झालं ते १९१४ साली. त्याआधीच्या घरात मुळात चुना किंवा माती असणार हे धरूनच चालावं.

चुन्याचं काम जाणणारा गवंडी मिळाला तरी पूर्ण भिंत एकदम उघडू नका. हिवाळ्यात दोन फूट लांब, दोन फूट उंच एवढाच तुकडा त्याच्याकडून करून घ्या, एक पावसाळा जाऊ द्या आणि दिवाळीनंतर शेजारच्या सिमेंटशी ताडून पाहा. बाकीच्या भिंतीचा निर्णय मग घ्या.